नगेट्स पलटायचे कधी?

गोठवलेल्या चिकन नगेट्सच्या किंवा फिश फिंगर्सच्या पाकिटावर तळायची कृती ठळक छापलेली असते. ओव्हनची आणि एअर फ्रायरची कृती बहुतेक वेळा एखाद-दोन ओळींत उरकलेली असते: इतकं तापमान, इतकी मिनिटं, मध्ये एकदा पलटा. त्या ओळींप्रमाणे सगळं केलं तरी घरोघरी तक्रारी त्याच येतात. वरची बाजू खरपूस झाली, पण खालची गिच्च राहिली. कडा करपल्या आणि आत थंड लागलं. पलटायला गेलो तर कोटिंग ट्रेलाच चिकटून राहिलं. या तिन्ही तक्रारींची मुळं दोनच गोष्टींत आहेत. एक म्हणजे तुकड्याच्या गाभ्यात असलेला बर्फ, आणि दुसरी म्हणजे तुकड्याच्या खालच्या बाजूला मिळणारी किंवा न मिळणारी गरम हवा. या दोन गोष्टी समजल्या की तापमान किती ठेवायचं आणि पलटायचं कधी हे पाकिटावर न पाहताही सांगता येतं.

आधी पाकिटात नेमकं काय असतं ते पाहू. फिश फिंगर बनवताना मासा वेगवेगळा कापत नाहीत. माशाच्या फिलेटचा एक मोठा ठोकळा गोठवतात आणि तो गोठलेल्या स्थितीतच करवतीने उभा-आडवा कापतात. त्या कांड्यांना पातळ पीठ लावतात, त्यावर ब्रेडचा चुरा लावतात आणि अगदी थोडा वेळ, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कडकडीत तेलातून काढतात. तेवढ्यात वरचं आवरण बसतं, त्याला थोडा रंग येतो. आतला मासा मात्र गोठलेलाच आणि कच्चाच राहतो. इंग्लंडमध्ये १९५५ साली बाजारात आलेले फिश फिंगर्स याच पद्धतीचे होते आणि आजही पद्धत तीच आहे. नगेटची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले रॉबर्ट बेकर यांनी १९६०च्या दशकात चिकनचा खिमा बांधून, त्याला कोटिंग लावून गोठवायची रीत बसवली. तेव्हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न हाच होता, की गोठवताना आणि तळताना आवरण सुटू नये. आजच्या कारखान्यांत काही नगेट्स कोटिंगनंतर आतपर्यंत पूर्ण शिजवून गोठवतात, तर काही फक्त वरवर तळून, आत कच्चे असतानाच गोठवतात.

दोन्ही दिसायला सारखेच असतात, आणि धोका तिथेच आहे. सोनेरी आवरण पाहून माणूस समजतो की हे शिजलेलं आहे, नुसतं गरम करायचं. कॅनडात अशा कच्च्या, ब्रेडचा चुरा लावलेल्या गोठवलेल्या चिकनमुळे साल्मोनेलाची लागण पुन्हा पुन्हा झाली, तेव्हा तिथल्या अन्न तपासणी यंत्रणेने एप्रिल २०१९ पासून उत्पादकांवरच बंधन घातलं: अशा मालात साल्मोनेला तपासणीत सापडणार नाही इतका कमी करा. आपल्याकडे पाकीट घेताना मागची बाजू वाचावी. ‘पूर्ण शिजवलेले’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर आतलं चिकन कच्चं आहे असंच धरून चालावं. मग मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवून मुलांच्या ताटात वाढण्याचा विचार डोक्यातून काढून टाकावा.

आता गाभ्यातल्या बर्फाकडे येऊ. फ्रीझरमधून काढलेला तुकडा उणे १८ अंशांच्या जवळपास असतो. मासा आणि चिकन यांच्या वजनाचा मोठा भाग पाण्याचाच असतो, आणि हे पाणी गोठलेलं असतं. बर्फ वितळवायला किती उष्णता लागते याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे ओव्हनमध्ये ठेवलेल्या नगेटचा गाभा बराच वेळ शून्याच्या आसपासच घुटमळतो. त्या वेळात बाहेरचं आवरण वाळत असतं, तांबूस होत असतं. आवरणाला खरपूस रंग आणि वास यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो, आणि ओलावा उडून गेल्याशिवाय तो तिथपर्यंत जात नाही. स्वयंपाक्याचं काम इतकंच, की आवरण खरपूस होणं आणि गाभा शिजणं या दोन गोष्टी साधारण एकाच वेळी व्हाव्यात.

म्हणूनच तापमान चढवलं की पदार्थ लवकर होतो हे इथे खरं ठरत नाही. ओव्हन २५० वर नेला तर आवरण आठ मिनिटांत करपेल आणि मध्ये बर्फाचा गारवा तसाच राहील. उलट १६० वर ठेवला तर आणखी वाईट. तुकड्यावरचं हिव वितळतं, पण पाणी उडून जाण्याइतकी धग नसते. ते पाणी ब्रेडच्या चुऱ्यात मुरतं, आवरण फुगून सुटं होतं आणि तोवर आतलं मांस कोरडं पडायला लागतं. पंखा नसलेल्या ओव्हनला २२०, पंखा असलेल्याला २०० आणि एअर फ्रायरला १९०च्या आसपास, ही तापमानं या दोन टोकांच्या मधली आहेत.

तीन आकडे वेगळे का, याचं उत्तर हवेत आहे. आपल्याकडच्या साध्या ओटीजीत वर आणि खाली तापणारे रॉड असतात आणि हवा जवळपास स्थिर असते. गोठलेल्या तुकड्याभोवती थंड, दमट हवेचा एक पातळ थर साचून राहतो आणि बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. पंखा तो थर सतत पुसून टाकतो, म्हणून कमी तापमानातही तेवढंच काम होतं. एअर फ्रायर हा खरं तर पंख्याचा लहानसा ओव्हनच आहे. वर तापणारी वेटोळी तार, तिच्या वर जोरकस पंखा, आणि खाली भोकं असलेली टोपली. जागा इतकी लहान की गरम हवा तुकड्यांवर पुन्हा पुन्हा आदळते; भांडं हलकं असल्यामुळे ते दोन-तीन मिनिटांत तापतं. ओव्हनच्या भिंती, काच, ट्रे हे सगळं तापायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. घरातल्या मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शनची सोय असेल तर तो पंख्याच्या ओव्हनसारखा वापरता येतो, फक्त कन्व्हेक्शनवरच ठेवायचा. नुसत्या मायक्रोवेव्ह लहरी आतलं पाणी तापवून वाफ बाहेर ढकलतात आणि ती वाफ आवरण भिजवते.

संध्याकाळच्या खाण्यासाठी २० नगेट्स ओव्हनमध्ये करायचे आहेत असं समजू. ओटीजी दोन्ही रॉड चालू करून २२० वर लावावा आणि ट्रे आतच ठेवून तापू द्यावा. ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि खालची बाजू गिच्च राहण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. गार ट्रेवर गोठलेला नगेट ठेवला की पहिली पाच-सहा मिनिटं ट्रे तापण्यातच जातात. तोवर खाली वितळलेलं हिव अडकून पडतं, आणि वाफ जायला वाट नसते. तापलेल्या ट्रेवर नगेट ठेवला की चर्र आवाज येतो. तो आवाज म्हणजे खालचं पाणी तिथल्या तिथे उडून जातंय. आवरणात कारखान्यातल्या तळणीचं तेल मुरलेलं असतंच. गरम पत्र्यावर ते थोडं पाझरतं आणि खालची बाजू त्या तेलात अक्षरशः तळली जाते. म्हणून तयार पाकिटातल्या नगेट्सना वरून तेल लावायची गरज नसते.

नगेट्स पाकिटातून काढल्यावर बाहेर ठेवून वितळू देऊ नयेत. पाकिटाच्या तळाशी जमलेला बर्फाचा भुगा ट्रेवर पडणार नाही याची काळजी घ्यावी; तुकड्यांवर हिव जास्त असेल तर हाताने झटकून टाकावं. दोन तुकड्यांमध्ये बोटभर अंतर हवं. ट्रे मधल्या कप्प्यात जातो.

आता पलटायचं. पाकिटं ‘अर्ध्या वेळेत पलटा’ असं सांगतात, आणि मला तो सल्ला घाईचा वाटतो. सतरा मिनिटांच्या भाजणीत आठव्या मिनिटाला आवरण सगळ्यात नाजूक अवस्थेत असतं. वितळलेल्या पाण्याने मऊ झालेलं असतं, पण अजून कडक झालेलं नसतं. त्या क्षणी चिमटा लावला की अर्धा चुरा ट्रेवर राहतो. थोडं थांबावं. दहाव्या-अकराव्या मिनिटाला, म्हणजे एकूण वेळेचा साधारण दोन तृतीयांश भाग झाल्यावर, एक नगेट चिमट्याने बाजूने हलकेच ढकलून पाहावा. खालची बाजू कडक झाली असेल तर तो घसरतो. जागचा हलला नाही तर ट्रे पुन्हा आत सारून आणखी दोन मिनिटं द्यावीत. हट्टाने उचलू नये. हा ढकलून पाहण्याचा अंदाज घड्याळापेक्षा जास्त खरा ठरतो, कारण प्रत्येक ओटीजीचं तापमान वेगळं, आणि संध्याकाळी वीजदाब उतरला की तापायलाही वेळ लागतो.

पलटताना ओव्हनचं दार उघडं ठेवून एकेक तुकडा उलटत बसणं ही दुसरी चूक. दार उघडं राहिलं की आतली गरम हवा निघून जाते. ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवावा, दार लगेच लावून घ्यावं, सगळे तुकडे पलटावेत आणि मग ट्रे आत सारावा. मागच्या बाजूचे तुकडे जास्त तांबूस दिसत असतील तर ट्रे फिरवून घालायची वेळही हीच. त्यानंतर सहा मिनिटांत दुसरी बाजू होते. पहिली बाजू कमी उष्णतेतून गेलेली असते आणि दुसरी आता गरम झालेल्या तुकड्याची असते, त्यामुळे तिला वेळ कमी पुरतो.

ट्रेऐवजी जाळीवर ठेवले तर पलटायची गरज उरत नाही, असंही सांगतात. ते खरं आहे, कारण जाळीखालून हवा फिरते. पण जाळीवर गरम पत्र्याचा चटका मिळत नाही, रंग फिका येतो, आणि फिश फिंगरवर जाळीचे चरे उठतात. पंख्याचा ओव्हन असेल आणि एकदम तीस-चाळीस तुकडे करायचे असतील तर जाळी सोयीची. घरच्या साध्या ओटीजीत मी तापलेल्या ट्रेच्या बाजूने आहे.

एअर फ्रायरमध्ये हेच नगेट्स करताना आधी दोन-तीन मिनिटं रिकामा तापवून घ्यावा. चार लिटरच्या टोपलीत बारापेक्षा जास्त तुकडे घालू नयेत. घेताना यंत्राच्या खोक्यावर किलोचे आकडे दिसतात, पण ते टोपली काठोकाठ भरली तर काय मावेल याचे आकडे असतात. नगेट्स एकावर एक पडले की जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे हवा पोचत नाही, आणि तेवढा भाग पांढरा, ओला राहतो. १९० वर सहा मिनिटं झाल्यावर टोपली ओढून एकदा जोरात हलवावी आणि जे तुकडे उलटले नाहीत ते चिमट्याने पलटावेत. पुढे तीन ते चार मिनिटं. दुसरा घाणा लावाल तेव्हा टोपली आधीच तापलेली असते, म्हणून मिनिटभर कमी पुरतं.

इथे पलटण्याचं कारण ओव्हनपेक्षा वेगळं आहे. ओव्हनमध्ये प्रश्न खालच्या बाजूचा असतो. एअर फ्रायरमध्ये तापणारी तार तुकड्यांच्या डोक्यावरच, काही इंचांवर असते. त्यामुळे आधी वरची बाजू करपायला लागते. खालून भोकांतून हवा येतेच, म्हणून न पलटलेला नगेट खाली कच्चा राहत नाही, पण वर गडद आणि खाली फिका होतो. टोपलीत अॅल्युमिनियमची फॉइल किंवा सलग बटर पेपर घातला की ही खालची हवाही बंद होते. मग एअर फ्रायर घेण्याचा उपयोगच राहत नाही. शिवाय रिकाम्या टोपलीत कागद ठेवून यंत्र तापवू नये. पंख्याने तो उडून तारेला लागला तर पेट घेतो.

फिश फिंगर्सना मात्र टोपली हलवणं चालत नाही. नगेटमध्ये खिमा बांधलेला असतो, तो धक्के सहन करतो. फिश फिंगरमध्ये माशाचे पापुद्रे असतात, आणि मासा शिजू लागला की ते सुटे होतात. हलवलेल्या टोपलीत कांड्या मधून मोडतात आणि चुरा खाली पडतो. फिश फिंगर्स एका थरात, टोके एकमेकांना न लागता मांडावेत. ते नगेटपेक्षा सडपातळ असतात आणि माशाला चिकनपेक्षा कमी तापमान पुरतं, म्हणून एअर फ्रायर २०० वर ठेवता येतो. पाच-सहा मिनिटांनी रुंद पात्याच्या उलथन्याने किंवा चिमट्याने कांडी लांबीच्या मध्यावर धरून एकदाच पलटावी, टोकाला धरून उचलू नये. मग तीन मिनिटं. ओव्हनमध्ये २२० वर एकूण पंधरा मिनिटं, आणि दहाव्या मिनिटाला एकदा पलटणं. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत बासा असतो आणि त्यात पाणी बरंच असतं. तो जास्त वेळ ठेवला की कांडीच्या टोकांतून पांढरट पाणी फसफसून बाहेर येतं आणि आवरण फुटतं. टोकाशी पहिले बुडबुडे दिसले की कांडी बाहेर काढायची वेळ झाली असं समजावं.

शिजलं की नाही हे आवरणाच्या रंगावरून ठरवू नये, कारण निम्मा रंग कारखान्यातूनच आलेला असतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्यात, वरून न टोचता बाजूने, टोक मध्यावर पोचेल असा घालावा. चिकनसाठी ७४ अंश, माशासाठी ६३ अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर घाण्यातला सगळ्यात मोठा नगेट मधून मोडावा. मांस आतपर्यंत सारखं पांढरं, तंतूमय आणि वाफाळतं दिसलं पाहिजे. मध्यात चकाकणारा, गुलाबीसर, चिकट भाग दिसला तर सगळा घाणा परत आत जाईल. हा मोडलेला तुकडा हातावर ठेवून पाहावा. बाहेरून चटका आणि मध्ये कोमट लागलं तरी तो झालेला नाही. मासा काट्याने दाबला की पापुद्र्यांत सुटतो आणि पारदर्शकपणा पूर्ण गेलेला असतो. रंगाची मर्यादाही लक्षात ठेवावी: सोनेरी पिवळा पुरे. गडद तपकिरी होईपर्यंत ठेवलं की ब्रेडच्या चुऱ्यात अॅक्रिलामाइड हे नको असलेलं रसायन वाढतं, आणि चवही कडवट होते.

घरी करून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या तुकड्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. सुरमईच्या कांड्यांना तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून कुणी गोठवून ठेवल्या, तर त्या कधीच तेलातून गेलेल्या नसतात. तेलाशिवाय कोरडा रवा गरम हवेत पांढराच राहतो, कितीही वेळ ठेवला तरी. अशा तुकड्यांवर आत ठेवण्यापूर्वी ब्रशने तेलाचा पातळ हात फिरवावा आणि पलटल्यावर दुसऱ्या बाजूलाही फिरवावा. तेलाचा फवारा वापरायचा तर साध्या बाटलीचा. दाबाच्या डब्यातल्या फवाऱ्यात लेसिथिन असतं आणि ते टोपलीच्या नॉनस्टिक थरावर चिकट होऊन बसतं.

इतकं करूनही शेवटी पदार्थ नरम पडतो तो बहुतेक वेळा वाढण्याच्या आधीच्या दहा मिनिटांत. गरमागरम नगेट्स हॉटकेसमध्ये भरून झाकण लावलं की त्यांचीच वाफ त्यांना भिजवते. पाहुणे यायचे असतील तर तुकडे जाळीवर पसरून, ओव्हन १०० अंशांवर ठेवून, उघडेच ठेवावेत. वीस मिनिटांपर्यंत ते कुरकुरीत राहतात. एकदा वितळलेले, अर्धेमुर्धे गरम झालेले तुकडे परत फ्रीझरमध्ये टाकू नयेत.

दोन यंत्रांपैकी कोणतं, याचा निर्णय माणसांच्या संख्येवर होतो. दोन-तीन जणांसाठी दहा-बारा तुकडे करायचे असतील तर एअर फ्रायरला तोड नाही. तापवण्यासकट पंधरा मिनिटांच्या आत काम होतं आणि ओव्हन तेवढ्या वेळात नुसता तापलेला असतो. मुलांच्या वाढदिवसाला चाळीस तुकडे लागणार असतील तर एअर फ्रायरचे चार घाणे लागतील, पहिला घाणा गार होईपर्यंत शेवटचा यायचा असेल. तिथे तापलेल्या ट्रेचा ओव्हन लावावा. त्यात दोन ट्रे एकदम मावत असले तर पलटताना वरचा खाली आणि खालचा वर करायला विसरू नये.